रात्री मंदावणारे इंटरनेट : तक्रारीचे पत्र कसे लिहावे

वाचकहो, आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या ऊस-शेतकऱ्याला एक गोष्ट शिकवावी लागत नाही. कारखान्याच्या काट्यावर गाडी चढवण्याआधी तो ती शेजारच्या खाजगी काट्यावर एकदा तोलून घेतो आणि पावती खिशात ठेवतो. मग कारखान्याच्या काट्याने वजन कमी दाखवले, तर त्याला नुसते "मला कमी वाटतंय" असे म्हणावे लागत नाही. आज ज्या पत्राविषयी सांगायचे आहे, त्याचीही सगळी मदार अशाच पावतीवर आहे.

अनुभव पुष्कळांचा असतो. सकाळी इंटरनेट वाऱ्यासारखे धावते. रात्री साडेआठ वाजले, जेवणे उरकली, घरोघरी पडदे उजळले, की तेच इंटरनेट गोगलगाय होते. मुलाला परीक्षेसाठी एखादी मोठी फाईल उतरवून घ्यायची असते, ती अर्धा-अर्धा तास रखडते. आपण कंपनीला फोन करतो. "माणूस पाठवतो," असे उत्तर मिळते. माणूस येतो तो सकाळी अकराला. त्या वेळी सगळे उत्तम चाललेले असते. तो राउटर बंद करून चालू करतो, "आता बघा" म्हणतो, आणि तक्रार निकाली निघाल्याचा संदेश आपल्या मोबाईलवर येऊन पडतो. रात्री पुन्हा पहिलेच पाढे.

यात त्या बिचाऱ्या माणसाचा दोष नाही. दोष बहुतेक वेळा त्याच्या हातात असलेल्या तारेत नसतोच. तो कुठे असतो हे आधी समजून घेऊ, कारण ते कळल्याशिवाय पत्र कुणाला आणि काय लिहायचे हेच ठरत नाही.

आपल्या गल्लीत येणारी काचेची तार, म्हणजे फायबर, सामाईक असते. आज सर्रास वापरात असलेल्या एका पद्धतीत कंपनीच्या केंद्रातून निघालेल्या एका तारेतून सेकंदाला सुमारे २५०० मेगाबिट माहिती येते आणि ती ३२ किंवा ६४ घरांत वाटली जाते. ६४ घरे धरली, तर सरळ भागाकाराने प्रत्येकाच्या वाट्याला ३९ मेगाबिट येतात; आणि आपण तर पैसे मोजतो १०० चे! पण एवढ्यावरून कंपनीला लबाड म्हणण्याची घाई करू नये. एका चांगल्या चित्रपटाला सेकंदाला ५-६ मेगाबिट पुरतात. ६४ घरांत एकाच वेळी दोन-दोन चित्रपट चालले, तरी ७००-८०० मेगाबिटांतच भागते. म्हणजे गल्लीतली तार रात्रीसुद्धा सहसा तुंबत नाही. तुंबते ती पुढची वाट. कोल्हापुरातल्या केंद्रापासून पुण्या-मुंबईच्या दिशेने जी मोठी वाहिनी जाते, तिची रुंदी कंपनी पैसे मोजून घेते. गिऱ्हाइके वाढली आणि रुंदी तेवढीच राहिली, की सायंकाळी कोंडी ठरलेली.

आणि ही कोंडी हळूहळू वाढत नाही, एकाएकी वाढते. रांगांच्या गणिताचा हा एक साधा नियम आहे. वाहिनी निम्मी भरलेली असताना एका पॅकेटला, म्हणजे माहितीच्या एका पाकिटाला, पार पडायला मोकळ्या वाटेच्या दुप्पट वेळ लागतो. ८० टक्के भरली की पाचपट. ९५ टक्के भरली की वीसपट! म्हणूनच आपल्या देशाच्या दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, ज्याला लोक 'ट्राय' म्हणतात त्याने, २००६ साली ब्रॉडबँडच्या दर्जाचे नियम केले, तेव्हा गर्दीच्या वेळीही या वाहिन्यांचा वापर ८० टक्क्यांच्या आत असावा असे मानक घातले. २०२४ साली जुन्या नियमांच्या जागी नवे आले, त्यांतही हा ८० चा आकडा राहिला आहे. हा आकडा लक्षात ठेवा, पत्रात तो कामाला येणार आहे.

आता पावतीकडे वळू. वेग मोजण्याच्या चाचण्या, ज्यांना सगळेच 'स्पीड टेस्ट' म्हणतात, फुकट मिळतात. बटण दाबले की अर्ध्या मिनिटात आकडा येतो. पण आकडा येणे निराळे आणि तो पुरावा म्हणून टिकणे निराळे. मोबाईल हातात धरून, भिंतीआडच्या खोलीत बसून, वायफायवर घेतलेली चाचणी कंपनी एका वाक्यात उडवून लावते: "तुमच्या घरातलं वायफाय कमजोर आहे." आणि पुष्कळदा ते खरेही असते. तेव्हा संगणक राउटरला तारेने जोडावा. घरातली बाकीची उपकरणे, टीव्हीसुद्धा, तेवढ्यापुरती बंद ठेवावीत. मग दिवसातून तीन वेळा, समजा सकाळी ६, दुपारी ३ आणि रात्री साडेनऊ वाजता, लागोपाठ तीन-तीन चाचण्या घ्याव्यात आणि तिन्हींपैकी मधला आकडा लिहून ठेवावा. सरासरी काढू नये. एखाद्या चाचणीच्या वेळी संगणकानेच मागच्या मागे काही उतरवायला घेतलेले असते, आणि तो एक खोटा आकडा सरासरी बिघडवतो. मधल्या आकड्याला त्याचा धक्का लागत नाही. सात दिवस हे करावे. कंटाळवाणे आहे खरे, पण एका रात्रीच्या आकड्याला "त्या दिवशी कुठेतरी तार तुटली होती" हे उत्तर तयार असते. सात रात्रींना ते पुरत नाही.

आता खरी मेख सांगतो. चाचणी कुणाच्या काट्यावर झाली? चाचणीचे पान उघडले की ते आपोआप जवळचा सर्व्हर निवडते, आणि पुष्कळदा तो आपल्याच कंपनीच्या घरातला, कोल्हापुरातलाच असतो. म्हणजे गाडी कारखान्याच्याच काट्यावर चढली! माहिती कोंडलेल्या वाहिनीतून गेलीच नाही, आणि आकडा साहजिकच झकास आला. तेव्हा दर वेळी दोन चाचण्या घ्याव्यात. एक कंपनीच्या स्वतःच्या सर्व्हरवर, दुसरी मुंबईतल्या, दुसऱ्या कुणाच्या सर्व्हरवर. सातही दिवस सर्व्हर तेच ठेवावेत आणि त्यांची नावे लिहून ठेवावीत. या दोन आकड्यांची तुलना केली, की दुखणे कुठे आहे ते दिसते. रात्री दोन्ही आकडे पडले, तर कोंडी आपल्या गल्लीत किंवा कंपनीच्या स्थानिक केंद्रात आहे. घरचा आकडा शाबूत राहिला आणि बाहेरचा तेवढा पडला, तर कोंडी बाहेर जाणाऱ्या वाहिनीत. अर्थात मुंबईचा तो सर्व्हरच रात्री दमलेला असू शकतो. म्हणून एक-दोन रात्री बाहेरचा आणखी एक सर्व्हर घेऊन पाहावा, आणि शेजारी दुसऱ्या कंपनीची जोडणी असेल तर त्याच वेळी त्याच सर्व्हरवर तिथेही एक चाचणी करून घ्यावी. शेजाऱ्याकडे आकडा नीट आला, म्हणजे सर्व्हर निर्दोष.

वेगाच्या जोडीला उशीर मोजावा. संगणकाच्या काळ्या खिडकीत ही आज्ञा द्यायची:

```
ping -n 100 192.168.1.1
ping -n 100 8.8.8.8
```

पहिल्या ओळीतला पत्ता आपल्या राउटरचा (काही घरांत तो वेगळा असतो; राउटरच्या तळाशी चिकटवलेला सापडतो). तिथून उत्तर एक-दोन मिलिसेकंदांत आले पाहिजे. तिथेच पन्नास-पन्नास लागत असतील, तर दोष आपल्या घरात आहे आणि पत्र लिहिण्याचे कारण नाही. दुसरा पत्ता बाहेरच्या एका सार्वजनिक सर्व्हरचा. काचेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे कोल्हापूरहून मुंबईला जाऊन परत येण्यात निव्वळ प्रवासाचे चार-पाच मिलिसेकंदच लागतात. सकाळी १२ आणि रात्री ९६ असे आकडे आले, तर मधले ८४ मिलिसेकंद रांगेत उभे राहण्यात गेले! शेवटी शंभरातली किती पाकिटे हरवली तेही ही आज्ञा सांगते. रांग फारच वाढली की वाटेतले यंत्र पाकिटे टाकून देते, आणि टाकलेली पाकिटे पुन्हा मागवावी लागतात. फाईल रखडते ती यामुळेच. काही जण हौसेने वाटेतल्या एकेका टप्प्याचा उशीर मोजतात आणि मधल्या एखाद्या टप्प्याचा मोठा आकडा कंपनीच्या तोंडावर फेकतात. ते टाळावे. मधली यंत्रे अशा विचारणांना मुद्दाम सावकाश उत्तर देतात. शेवटचा टप्पा वेळेवर उत्तर देत असेल, तर मधल्या आकड्याला काही अर्थ नाही, आणि असा एक चुकीचा पुरावा घातला की बाकीच्या चांगल्या पुराव्यांकडेही कुणी पाहत नाही.

आणखी एक घोटाळा पत्राआधीच निस्तरून घ्यावा. कंपनी वेग सांगते मेगाबिटांत, पडद्यावर `Mbps`. फाईल उतरताना संगणक दाखवतो मेगाबाइटांत, `MB/s`. एका बाइटात आठ बिट असतात. तेव्हा १०० च्या योजनेत फाईल १२ च्या वेगाने उतरली, तर ते कमी नाही, बरोबरच आहे. "शंभरचे बारा मिळतात" अशी पत्रे कंपन्यांकडे जातात असे ऐकतो, आणि मग हसे होते. तसेच १०० च्या जागी ९४ दिसले तरी भांडू नये. प्रत्येक पाकिटावर पत्ता-शिक्के असतात, त्यांत थोडी जागा जाणारच.

आता एक उदाहरण घेऊन पत्र लिहून पाहू. समजा, राजारामपुरीतले एक घर आहे, योजना १०० मेगाबिटांची आहे. सात दिवस टिपणे झाली. सकाळचे मधले आकडे सातही दिवस ९२ ते ९४ यांच्यामध्ये आले. रात्री साडेनऊला, मुंबईच्या सर्व्हरवर, सोमवारपासून रविवारपर्यंत १६, १४, १८, १२, ११, ९ आणि ८ असे आले. त्याच वेळी कंपनीच्या कोल्हापुरातल्या सर्व्हरवर ८८ च्या खाली एकदाही आले नाही. तर पत्र असे होईल:

"विषय : रोज रात्री ८.३० ते ११ या वेळात इंटरनेटचा वेग घटण्याबाबत. ग्राहक क्रमांक अमुक, योजना १०० मेगाबिट.

महाशय, वरील जोडणीच्या वेगाची मी सलग सात दिवस, राउटरला तारेने जोडलेल्या एकाच संगणकावर, इतर उपकरणे बंद ठेवून मोजणी केली आहे. सकाळी ६ वाजता वेग ९२ ते ९४ मेगाबिट मिळतो. रात्री ९.३० वाजता मुंबईतील सर्व्हरवर तो ८ ते १८ च्या दरम्यान असून सात रात्रींचा मधला आकडा १२ आहे. त्याच वेळी आपल्या कोल्हापूर येथील सर्व्हरवर मात्र ८८ किंवा अधिक मिळतो. उत्तरास लागणारा वेळ सकाळी १२ मिलिसेकंद, रात्री ९६. रात्री शंभरापैकी ४ पाकिटे हरवतात. २ गिगाबाइटची एकच फाईल सकाळी सुमारे ३ मिनिटांत उतरली, रात्री त्याच फाईलला २२ मिनिटे लागली.

माझे घर आणि आपले केंद्र यांमधील तार सुस्थितीत असल्याचे यावरून दिसते. तरी कृपया तंत्रज्ञ पाठवून तक्रार बंद करू नये. आपल्या कोल्हापूर केंद्रातून बाहेर जाणाऱ्या वाहिनीचा रात्री ८.३० ते ११ या वेळातील वापर किती टक्के असतो, तो नियामक प्राधिकरणाच्या ८० टक्क्यांच्या मानकात बसतो काय, आणि बसत नसल्यास वाहिनी केव्हा वाढविण्यात येईल, हे तारखेसह लेखी कळवावे. तोपर्यंतच्या काळाचे भाडे कमी करावे, अथवा कोणताही आकार न लावता जोडणी सोडण्याची व उरलेल्या मुदतीचे पैसे परत मिळण्याची सोय करावी. सर्व चाचण्यांची चित्रे सोबत जोडली आहेत. कळावे."

पाहा, पत्रात राग कुठेही नाही. "लूट", "फसवणूक" असले शब्द घातले की वाचणारा कारकून आकड्यांपर्यंत पोहोचतच नाही.

आता कंपनी काय म्हणेल? एक उत्तर ठरलेले असते: "आम्ही १०० 'पर्यंत' म्हटलं होतं." त्या 'पर्यंत' शब्दात त्यांना पळवाट आहे हे कबूल करायला हवे, सामाईक तारेवर दिवसाचे चोवीस तास पुरे शंभर मागण्याचा हक्क कुणाही गिऱ्हाइकाला नाही. म्हणूनच पत्रात भर शंभरावर दिला नाही, वाहिनीच्या भरलेपणावर दिला. दुसरे उत्तर : "तुमचा महिन्याचा कोटा संपला, म्हणून वेग उतरला." कोटा संपल्यावर उतरलेला वेग दिवसभर उतरलेला असतो, रात्री झोपून सकाळी ताजातवाना होत नाही. सकाळचे ९४ हेच त्याला उत्तर. तिसरे उत्तर जरा फसवे : "चित्रपट तर तुमच्याकडे नीट चालतात ना?" चालतातही! मोठ्या चित्रपट-कंपन्या लोकप्रिय चित्रांच्या प्रती इंटरनेट कंपनीच्या केंद्रातच साठवून ठेवतात, त्यामुळे ते चित्र कोंडलेल्या वाहिनीतून येतच नाही. फाईल मात्र बाहेरूनच यावी लागते. यासाठीच पत्रात त्या एका फाईलची वेळ घातली आहे. शिवाय स्पीड टेस्ट एका वेळी अनेक धाग्यांनी ओढते, फाईल पुष्कळदा एकाच धाग्याने उतरते. पाकिटे हरवू लागली की एकटा धागा अधिक लवकर लंगडतो.

पत्र कुणाच्या नावाने? आपल्याकडे जोडणी पुष्कळदा ओळखीच्या केबलवाल्यामार्फत येते. त्याच्याशी गोडीने बोलावे, पण पत्र बिलावर ज्या परवानाधारक कंपनीचे नाव छापले आहे तिला पाठवावे. वाहिनी रुंद करणे केबलवाल्याच्या हातात नसते. आधी कंपनीच्या तक्रार केंद्रात नोंद करून तक्रार क्रमांक, ज्याला ते 'डॉकेट नंबर' म्हणतात, तो मिळवावा आणि पत्राच्या माथ्यावर लिहावा. हा क्रमांक नसेल, तर पुढच्या पायऱ्या अवघड होतात. २०१२ च्या नियमांप्रमाणे, मुदतीत उत्तर आले नाही किंवा आलेले पटले नाही, तर कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे ३० दिवसांच्या आत अपील करता येते. त्याला फी नाही, आणि त्याचा निकाल ३९ दिवसांत व्हायचा असतो. बरेच लोक ही पायरी गाळून थेट ट्रायला लिहितात. ट्राय नियम करते. एकेका गिऱ्हाइकाचे भांडण सोडवण्याचे काम तिचे नाही, आणि असे पत्र फिरून कंपनीकडेच येते. महिना त्यात जातो.

अपिलानेही काम झाले नाही, तर राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीचा क्रमांक १९१५ आहे, आणि त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. टेलिफोनच्या तक्रारी ग्राहक न्यायालयात चालत नाहीत, त्या लवादाकडे जातात, असे कंपन्या वर्षानुवर्षे सांगत आल्या. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये व्होडाफोन आयडिया विरुद्ध अजयकुमार अग्रवाल या खटल्यात ते म्हणणे फेटाळले. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे ग्राहक राहतो त्याच जिल्ह्यात दावा लावता येतो. म्हणजे कंपनीची कचेरी मुंबईत असो की दिल्लीत, राजारामपुरीच्या माणसाला कोल्हापुरातच उभे राहता येते. आणि मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. तिथे तो सात दिवसांचा कागद, चाचण्यांची चित्रे, तक्रार क्रमांक, अपिलाची प्रत आणि त्या महिन्यांची बिले, एवढेच लागेल.

बहुतेकदा गोष्ट तिथवर जात नाही. वाहिनीचा प्रश्न लेखी विचारला, की पत्र तार जोडणाऱ्याच्या टेबलावरून उठून जाळे सांभाळणाऱ्या इंजिनियरच्या टेबलावर जाते, आणि त्याला दुखणे आधीच ठाऊक असते. मग एके दिवशी "आपली तक्रार सोडवण्यात आली आहे" असा संदेश येतो आणि बंद करण्यास संमती विचारली जाते. लगेच 'होय' दाबू नये. तोच संगणक, तीच तार, तोच मुंबईचा सर्व्हर घेऊन रात्री साडेनऊला पुन्हा तीन दिवस चाचणी करावी, त्यांत एक रविवार असू द्यावा. आकडा सकाळच्या जवळ आला असेल तर संमती द्यावी. नसेल, तर नवे तीन आकडे त्याच तक्रार क्रमांकाखाली पाठवून द्यावेत.